‘निळाई’ : नावामागची ओळख आणि टॅगलाईन (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी

नाव ठरलं. नागपूरच्या महाल भागातल्या लाकडी घाण्याच्या दुकानाचं आणि त्यांच्या तेलाच्या बाटल्यांचं नाव आता ‘निळाई’. जवसाच्या शेताला फुलं येतात तेव्हा ते निळं दिसतं, त्यावरून दुकान चालवणाऱ्या ताईंनी ते सुचवलं आणि घरात सगळ्यांना पटलं. नाव शोधण्याचं काम माझं नव्हतं. माझ्याकडे आलेलं काम दोन तुकड्यांचं आहे: नाव कशावरून ठेवलं ते सांगणारा छोटा मजकूर आणि नावाखाली येणारी टॅगलाईन. मजकूर लेबलाच्या मागच्या बाजूला, दुकानातल्या पाटीवर आणि प्रदर्शनातल्या पत्रकावर जाईल. टॅगलाईन सगळीकडे.

ताईंच्या भाच्याने एक मसुदा लिहून दिला आहे: “निळाई म्हणजे आकाशाची विशालता, सागराची खोली आणि विश्वासाचा रंग. निसर्गाच्या कुशीतून तुमच्या ताटापर्यंत शुद्धतेचा प्रवास.” पोरगं मनापासून लिहितं, पण हा मजकूर पाण्याच्या बाटलीला, विमा एजंटला आणि योगवर्गालाही तितकाच चालेल. शिवाय त्यात जवस हा शब्दच नाही. ज्या एका गोष्टीवरून नाव आलं, तीच गळून गेली आहे.

६ जानेवारी

आज काही लिहिलं नाही. ‘निळाई’ एवढंच मोठ्या अक्षरांत छापलेला कागद दुकानाच्या काउंटरवर लावला आणि बाजूला बसून लोक काय म्हणतात ते ऐकलं. नाव नुसतं वाचल्यावर माणसाच्या मनात काय येतं ते कळलं, की मजकुराला कुठला प्रश्न सोडवायचा आहे ते कळतं.

पहिलीच प्रतिक्रिया एका आजोबांची: “निळं तेल? रेशनचं रॉकेल इकता काय आता?” सगळे हसले, पण दुपारपर्यंत हीच आठवण आणखीही लोकांनी काढली. रेशनच्या रॉकेलात निळा रंग घातलेला असायचा, बाहेर विकलं किंवा भेसळीला वापरलं तर ओळखू यावं म्हणून. पन्नाशीच्या पुढच्या नागपूरकराच्या मनात निळा रंग आणि तेल ही जोडी डब्यातल्या रॉकेलचीच आहे. खाण्याच्या तेलाला ही आठवण परवडणारी नाही.

दुसरी आठवण अपेक्षितच होती. दीक्षाभूमी या शहरात आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर इथल्या निळ्या रंगाला जो अर्थ आहे तो कुठल्या दुकानाने दिलेला नाही. एका बाईंनी नाव वाचून आनंदाने विचारलं, “आपलेच लोक आहात का?” ताईंनी सरळ उत्तर दिलं की नाव जवसाच्या फुलावरून आहे, आणि बाईंनी तितक्याच आनंदाने तिळाचं तेल नेलं. मजकुरात या अर्थाचा आधार घ्यायचा नाही आणि तो झटकायचाही नाही, असं मी ठरवलं. खरं कारण साधेपणाने सांगितलं की प्रामाणिकपणा आपोआप दिसतो. ‘विश्वासाचा निळा’, ‘समतेचा निळा’ असले शब्द मात्र तेल विकण्यासाठी वापरायचे नाहीत, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

हिंदी बोलणारं गिऱ्हाईक ‘निलाई’ म्हणतं. ऐकायला गोड लागतं आणि हिंदीत त्याचा काही भलता अर्थ होत नाही. त्यांच्यासाठी जवसाचं ‘अलसी’ करावं लागेल, एवढंच.

८ जानेवारी

मजकुराचं पहिलं वाक्य. कालपासून याच्यावरच अडकलो आहे आणि त्याला कारण आहे. परवा जे ऐकलं त्यावरून एवढं स्पष्ट आहे की वाचणाऱ्याने ‘निळा’ हा शब्द वाचण्याआधी त्याच्या डोळ्यांपुढे शेत उभं राहिलं पाहिजे. शब्दांचा क्रम इथे फार महत्त्वाचा. “निळाई म्हणजे…” अशी सुरुवात केली, की रंग आधी येतो आणि रॉकेल त्याच्या मागोमाग. “जवसाचं शेत…” अशी सुरुवात केली तर रंग शेताचा होतो आणि तेलाकडे जातच नाही.

“जवसाचं फूल निळं असतं, त्यावरून आमचं नाव” हे वाक्य तोंडी उत्तर म्हणून उत्तम आहे. काउंटरवर कुणी “हे नाव काऊन ठेवलं?” असं विचारलं तर दुकानातल्या दादांनी एवढंच म्हणावं. कागदावर मात्र ‘फूल’ शब्दाने वेगळी गडबड होते. शेजारच्या दुकानदाराला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “म्हणजे फुलाचं तेल काढता?” अत्तर, गुलाबाचं तेल, चमेलीचं तेल हे कानावर असल्यामुळे फूल आणि तेल शेजारी आले की असं होणारच. तेल बियांचं आहे आणि जवसाचं असलं तरी रंगाने पिवळसरच असतं. म्हणून लिखित मजकुरात फूल नको, शेत हवं. शेतातून कुणी तेल काढत नाही.

सध्याचं वाक्य: “जवसाचं शेत फुलतं तेव्हा निळं दिसतं.” बरोबर आहे, पण कधी फुलतं ते त्यात नाही, त्यामुळे ऐकीव वाटतं. उद्या शेतावर जायचं आहे.

९ जानेवारी

उमरेडच्या बाजूला, ज्यांच्याकडून ताई जवस घेतात त्यांच्या शेतावर सकाळी पोचलो. दोन गोष्टी तपासायच्या होत्या.

पहिली, फूल खरोखर निळं आहे का. जवसाचे काही वाण पांढऱ्या फुलांचेही असतात. ज्या शेतातून माल येतो तिथेच पांढरी फुलं निघाली असती तर मजकूर छापल्यावर पहिला हसणारा माणूस तो शेतकरीच असता. इथलं फूल निळंच आहे, जांभळ्याकडे किंचित झुकणारं. पुढच्या वर्षी बियाणं बदललं तर कळवा, असं ताईंनी त्यांना सांगून ठेवलं.

दुसरी गोष्ट वेळेची. ताईंच्या मोबाईलमध्ये याच शेताचा एक फोटो होता, त्यात सगळं हिरवंच दिसत होतं. तो दुपारी तीनचा निघाला. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की त्याच्या पाकळ्या गळून पडतात. दुसऱ्या दिवशी नवी फुलं. आम्ही होतो तेव्हा धुऱ्यावरून पाहिलं तर निळा पट्टा सरळ दिसत होता, आणि परत निघेपर्यंत तो विरळ झाला होता. लेबलासाठी चित्र काढणाऱ्या मुलीलाही सोबत नेलं होतं ते बरं झालं. तिला रंगाची छटा प्रत्यक्ष बघायला मिळाली आणि पाच पाकळ्यांचं फूल तिने तिथेच काढून घेतलं.

परत आल्यावर ताईंच्या सासूबाईंना विचारलं, तुमच्या लहानपणी जवस कधी फुलायचा? त्या म्हणाल्या, “पुसात.” पौषाला आमच्याकडे जुनी माणसं पूस म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे पेरा, पौषात फूल, शिमग्याच्या आधी काढणी, हे त्यांना पाठ आहे. मजकुरात ‘पौषात’ घालतो. जानेवारी लिहिलं तर कृषी खात्याच्या पत्रकासारखं वाटेल, आणि पौष वाचला की मराठी माणसाला थंडी आपोआप जाणवते.

वाक्य आता असं आहे: “जवसाचं शेत पौषात सकाळी निळं दिसतं.” यातला प्रत्येक शब्द कुणीही जाऊन बघून यावा असा आहे.

१२ जानेवारी

अडचण आली, आणि ती खरी आहे. दुकानात सगळ्यात जास्त खपतं शेंगदाण्याचं तेल. त्यानंतर करडई आणि तीळ. जवस हौशीचं, चटणीवर घ्यायला, भाकरीसोबत खायला. मजकूर मात्र चारही बाटल्यांवर एकच जाणार. शेंगदाण्याच्या बाटलीवर “जवसाचं शेत…” वाचून एखादीला वाटेल की यात जवसाचं तेल मिसळलं आहे. खाद्यतेलात मिसळ हा शब्द फार नाजूक आहे, लोकांना भेसळच ऐकू येते.

चार बाटल्यांना चार मजकूर करावेत असं दादांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. नावाची गोष्ट एकच आहे, ती चार तऱ्हेने सांगितली की कुठलीच लक्षात राहत नाही. उपाय दुसरा आहे. पहिलं वाक्य शेताचं. दुसरं अगदी छोटं, नाव त्यावरून आलं एवढंच सांगणारं, म्हणजे जवसाचा विषय तिथे बंद होतो. तिसऱ्या वाक्यात चारही तेलं नावाने मोजायची, म्हणजे जवस चारांतलं एक होऊन बसतं.

“जवसाचं शेत पौषात सकाळी निळं दिसतं. त्या निळाईवरून आमचं नाव. जवस, करडई, तीळ आणि शेंगदाणा यांचं तेल आम्ही नागपुरात लाकडी घाण्यावर काढतो.”

बावीस शब्द झाले. अर्धा लिटरच्या बाटलीच्या मागच्या लेबलावर यापेक्षा जास्त बसणारही नाही, कारण तिथे घटक, पोषणमूल्यं, परवाना क्रमांक, तारीख, पत्ता हे सगळं कायद्याने लागतंच. आणि ती माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते. मराठी त्याच्या जोडीला चालते, पण त्या माहितीशी विसंगत असता कामा नये. म्हणूनही चौथं वाक्य नको. जेवढं जास्त लिहू तेवढी विसंगतीला जागा.

ताईंना ‘ओमेगा थ्री’ घालायचं होतं. जवसाच्या तेलात ते भरपूर असतं ही गोष्ट खरी आहे. करडई, तीळ आणि शेंगदाण्याच्या तेलाबद्दल तसं म्हणता येत नाही. चारही बाटल्यांवर जाणाऱ्या मजकुरात ते घातलं तर तीन बाटल्यांवर खोटं होईल. त्यांना हे लगेच पटलं. जवसाच्या बाटलीच्या पोषणमूल्यांत, तपासणीच्या आकड्यासह, ते येईल.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या तेलाची गर्दी, काम बंद. वाणासाठी आलेल्या बायकांना नवा मजकूर वाचायला दिला. बिल देताना सहज विचारायचं, नाव कशावरून आहे म्हणाला होतात? “जवसाच्या फुलावरून” किंवा “ते निळं शेत असते नं, त्यावरून” असं स्वतःच्या शब्दांत उत्तर आलं की मजकूर पोचला असं समजायचं. भाच्याचा मसुदाही काही जणींना दिला होता. त्यावर “काहीतरी निसर्गाचं आहे” एवढंच आलं. भाचा शेजारीच उभा होता, त्याने स्वतःहून कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, आता टॅगलाईनला मी बसतो तुमच्यासोबत.

१६ जानेवारी

टॅगलाईन. आधी तिचं काम ठरवून घेतलं. ‘निळाई’ हे नाव तेलाबद्दल काही सांगत नाही. ट्रेडमार्कच्या दृष्टीने ते सोयीचं आहे: मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली नाकारलं जाऊ शकतं, आणि खाद्यतेलाच्या वर्ग २९ मध्ये ‘जवस ऑईल’ असा अर्ज केला असता तर तसंच झालं असतं. म्हणून मजकुरातही “निळाई म्हणजे जवसाचं तेल” असं कुठे लिहायचं नाही, हे दादांना सांगून ठेवलं. आपल्याच हाताने नावाला वर्णन करून टाकल्यासारखं होईल.

पण वाचणाऱ्याला तेलाचं कळलं तर पाहिजेच. नाव जे सांगत नाही ते टॅगलाईनने सांगायचं. नावाने फुलाचं, रंगाचं काम केलं आहे, त्यामुळे टॅगलाईनमध्ये फूल, रंग, निसर्ग यातलं काही नको. तिथे घाणा हवा.

घरातून आलेल्या ओळी आणि त्यांचं काय झालं ते लिहून ठेवतो, कारण पुन्हा कुणीतरी त्याच सुचवणार.

“हृदयाला जपणारं तेल” ही दादांची. खाद्यतेलाच्या लेबलावर ‘अँटी-कोलेस्टेरॉल’, ‘कोलेस्टेरॉल फायटर’, ‘सूदिंग टू हार्ट’ अशा शब्दांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत नाव घेऊन मनाई आहे. मराठीत लिहिलं म्हणून अर्थ बदलत नाही.

“शुद्ध परंपरा, पारंपरिक चव” ही सासूबाईंची, आणि त्यांच्यामागे मोठी आठवण आहे. त्यांच्या सासऱ्यांचा बैलघाणा होता, इतवारीपर्यंत तेल जायचं. तो बंद पडला आणि आताचा घाणा मोटरवर चालतो, तोही अलीकडे सुरू झालेला. जाहिरात आणि दाव्यांबाबतच्या २०१८ च्या नियमांत ‘पारंपरिक’ म्हणण्याला अट आहे: ती पद्धत पिढ्यान् पिढ्या, निदान ३० वर्षं, फारसा बदल न होता चालत आलेली असली पाहिजे. मधे खंड पडला आहे आणि बैल जाऊन मोटर आली आहे. बैलघाण्याची गोष्ट दुकानातल्या भिंतीवर, जुन्या फोटोखाली, गेलेल्या काळाची म्हणून खुशाल सांगावी. तिथे ती शोभते. बाटलीवर ती आजच्या तेलाचा दावा बनते. सासूबाई थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “फोटो मोठा कर म्हणजे झालं.”

“घरच्यासारखं तेल” सुद्धा गेलं. ‘होम मेड’ वगैरे गैरसमज करून देणाऱ्या शब्दांना त्याच नियमांत आडकाठी आहे, आणि तसंही घरी तेल कोण काढतं?

“पहिल्या धारेचं तेल” भाच्याची. कल्पना छान, घाण्यातून पडणारी पहिली धार. पण ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की विदर्भात मोहाच्या दारूशिवाय दुसरं काही डोळ्यांपुढे येत नाही. मोठ्याने म्हणताच दुकानातला गडी हसू दाबत मागे गेला. बाद.

“तुमच्या डोळ्यांपुढे काढलेलं तेल” ही ताईंची आणि मला सगळ्यात आवडलेली. दुकानात काचेमागे घाणा चालतो, गिऱ्हाईक उभं राहून बघतं, आणि हीच या दुकानाची खरी ताकद आहे. पण पुण्याला कुरियरने गेलेली बाटली कुणाच्या डोळ्यांपुढे काढलेली नाही. टॅगलाईन जिथे जिथे चिकटेल तिथे तिथे खरी असावी लागते. ही ओळ दुकानाच्या काचेवर लावू, लेबलावर नाही.

१९ जानेवारी

“दाणा ओळखीचा, तेल घाण्याचं” ही ओळ काल रात्री सुचली आणि सकाळपर्यंत झाली असं वाटत होतं. दोन तुकडे, तोलात. मग खरेदीच्या पावत्या बघायला बसलो. जवस आणि करडई ओळखीच्या शेतकऱ्यांची, पण शेंगदाणा कळमन्याच्या बाजारातून, जो त्या दिवशी चांगला दिसेल तो. ओळखीचा म्हणता येत नाही. जो माल सगळ्यात जास्त खपतो त्याच्याच बाबतीत ओळ खोटी पडते.

मग ताईंना विचारलं, चारही बियांवर तुम्ही सारखं काय करता? त्या म्हणाल्या, “निवडतो ना. चाळतो, पाखडतो, खडे काढतो. शेंगदाण्यात काळा पडलेला, बुरशी आलेला दाणा दिसला की टाकतो.” काम करणाऱ्या दोघी बायका सकाळी सूप आणि चाळणी घेऊन बसतात ते मी रोजच बघत होतो. बुरशीच्या दाण्याचा मुद्दा साधा नाही. शेंगदाण्यावरच्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि घाण्याच्या तेलाला रिफायनरीसारखी पुढची प्रक्रिया नसते. गाळून, निवळून ते थेट बाटलीत जातं. म्हणजे निवडणं हेच इथे मुख्य काम आहे.

“निवडलेला दाणा, लाकडाचा घाणा.”

दोन्ही गोष्टी चारही तेलांना लागू. दोन्ही दुकानात जाऊन बघता येतात. ‘निवडणं’ हा तांदूळ-डाळीमुळे प्रत्येक घरातला शब्द आहे, ‘सर्वोत्तम’ किंवा ‘दर्जेदार’ म्हणायची गरजच उरत नाही. दाणा-घाणा हे यमक भाषेत तयारच होतं, ओढून आणलेलं नाही. ‘लाकडाचा’ हेही तपासलं: घाण्याचा सांगाडा लोखंडी आहे, पण उखळ आणि मुसळ, म्हणजे तेलाशी संबंध येणारा भाग, लाकडाचा आहे. कुणी विचारलं तर दादांनी हेच सांगायचं.

भाच्याने विचारलं, यात ‘तेल’ शब्द कुठे आहे? बरोबर विचारलं. पण समोरच्या लेबलावर ‘शेंगदाणा तेल’, ‘जवस तेल’ असं पदार्थाचं नाव टॅगलाईनच्या खाली लगेच येतंच, ते कायद्यानेही लागतं. दुकानाच्या पाटीवर मात्र तसं नसतं, म्हणून तिथे टॅगलाईनखाली ‘लाकडी घाण्याचं खाद्यतेल’ अशी ओळ जोडायची. सीताबर्डीहून गाडीवर जाणाऱ्याला पाटी कळली पाहिजे.

२२ जानेवारी

गिऱ्हाईकांसमोर दोन्ही एकत्र ठेवले: वर नाव, खाली टॅगलाईन, मागे मजकूर. रॉकेलचा विषय कुणी काढला नाही. परवाच्या आजोबांना मुद्दाम दाखवलं. त्यांनी मजकूर बोट ठेवून वाचला आणि म्हणाले, “हाव, आमच्या गावाले होता जवस. लय निया दिसे.” मग करडईच्या तेलाचा भाव विचारला.

हिंदीसाठी टॅगलाईनचं भाषांतर करायचं नाही असं ठरलं. ‘दाना’ आणि ‘घाना’ असं त्यांना तसंही समजतं. मजकूर तेवढा हिंदीत, ‘अलसी का खेत’ पासून सुरू होणारा, पत्रकाच्या मागच्या बाजूला.

२४ जानेवारी

चित्रकार मुलीला अंतिम मजकूर दिला. सोबतच्या सूचना: ‘निळाई’ अक्षरं निळी चालतील, पण तेलाची बाटली किंवा थेंब निळा रंगवायचा नाही. टॅगलाईन दोन ओळींत मोडायची झाली तर स्वल्पविरामावरच मोडायची, ‘लाकडाचा’ आणि ‘घाणा’ वेगळे पडू द्यायचे नाहीत. मजकुरात पूर्णविरामाच्या जागी उद्गारचिन्ह नको. नावाशेजारी ‘टीएम’ लावता येईल. वर्तुळातला ‘आर’ नोंदणी होईपर्यंत लावायचा नाही, नोंदणीआधी तो वापरणं कलम १०७ खाली गुन्हा आहे.

दादांच्या वहीत ताईंनी स्वतःच्या अक्षरात तीन गोष्टी लिहून घेतल्या. पांचवं तेल सुरू केलं तर मजकुराचं तिसरं वाक्य बदलायचं. जवसाचं बियाणं बदललं तर फुलाचा रंग बघून यायचा. आणि निवडायला बसणाऱ्या बायका कमी झाल्या, यंत्र आलं, तर टॅगलाईन ठेवायची की नाही ते छपाईच्या आधी एकत्र बसून ठरवायचं.

पहिली लेबलं शेंगदाण्याच्या बाटलीची छापायला गेली.